घूं १०० हर्ट्झची असेल तर

> व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी घूं थांबत नाही. आउटपुट व्हॉल्व्ह बदलू का?

एवढ्यात नको. अशाच एका जुन्या अँपचं दुखणं आमच्या काकांनी कसं पकडलं ते सांगतो.

आधी त्यांनी नुसता कान लावला. "ही ५० ची नाही, १०० ची आहे." फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल १०० हर्ट्झचा असतो, त्यामुळे हीटर किंवा अर्थिंगपेक्षा पॉवर सप्लायवर संशय जास्त. मग अँप बंद करून ड्रायव्हर व्हॉल्व्ह उपसला आणि पुन्हा चालू केला. घूं जशीच्या तशी.

मग मीटर एसीवर ठेवून पहिला फिल्टर कपॅसिटर तपासला. त्यावर ३२ मायक्रोफॅरड छापलेलं. ८० मिलिअँपिअर लोडला साधारण ७ व्होल्ट रिपल अपेक्षित. दिसले २२! म्हणजे आत जेमतेम १० मायक्रोफॅरड उरलेले. बुडाशी पांढरट खारही फुटला होता.

रेझिस्टर लावून चार्ज उतरवला, मीटरने खात्री केली (बंद अँपमध्येही ३०० व्होल्ट दबा धरून असतात) आणि ३२ चाच नवा टाकला. "१०० चा टाका की," मी म्हटलं. "रेक्टिफायर व्हॉल्व्हचा आहे रे, सुरुवातीच्या चार्जिंग करंटने तोच जाईल."