मेहुण्याचं कोटेशन माझ्याच टेबलावर आलंय. साहेबांना काय आणि कसं सांगू?

चाकण_खरेदी
चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत खरेदी विभागात आहे. एका ब्रॅकेटच्या मशीनिंगसाठी पाच कोटेशन आली आहेत, मंगळवारी मी ती उघडून पाहिली. त्यातलं एक माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, भोसरीतल्या शॉपचं आहे. त्याचं नाव यादीत मी घातलं नाही, सहकाऱ्यानं घातलं. पण पाचही रेटची तुलना, म्हणजे कंपॅरिटिव्ह, मलाच करायचंय. साहेबांना सांगावं का? आणि त्यांना संशय येणार नाही असं कसं सांगावं?

इंद्रायणीकाठ
माझं मत स्पष्ट आहे, सांगू नका. मी सांगून बघितलंय. एका कंपनीत वाहतुकीचे ठेके माझ्याकडे होते आणि एका ठेक्याला चुलतभाऊ उभा होता. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. आठवड्याभरात वाहतूक माझ्याकडून काढली आणि दोन वर्षं मी स्टेशनरी आणि कॅन्टीनची खरेदी करत बसलो. भावाला काम मिळालं नाहीच, वर लोक कुजबुजायला लागले की यानं काहीतरी केलं असेल. भोसरीत कोण कोणाचा पाहुणा नाही? ज्याचा रेट कमी त्याला काम द्या, विषय संपला.

कलम_वाचक
कायद्यानं बघितलं तर तुम्हाला सांगायची गरजच नाही. कंपनी कायदा 2013 मध्ये नातेवाईक कोण ते ठरवून दिलंय. नवरा-बायको, एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. बायकोचा भाऊ त्या यादीत नाही. जे नातंच नाही ते जाहीर कसलं करायचं?

जुना_खरेदीवाला
कलम_वाचक, यादी बरोबर आहे तुमची, पण ती इथे लागू होत नाही. कलम 184 खाली हितसंबंध जाहीर करायचे असतात ते संचालकांनी. खरेदी विभागातला माणूस बांधलेला असतो तो नेमणूकपत्राला आणि कंपनीच्या आचारसंहितेला. त्यात बहुतेक ठिकाणी ‘जवळचा नातेवाईक किंवा ज्याच्याशी आर्थिक संबंध आहे अशी व्यक्ती’ अशा अर्थाचं ढगळ वाक्य असतं. मेहुणा त्यात बसतोच. चाकण_खरेदी, तुमच्या कंपनीतलं ते पान आधी काढून वाचा.

इंद्रायणीकाठ, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण ‘कमी रेट त्याला काम’ हे कागदावरच सोपं दिसतं. कंपॅरिटिव्ह करणारा माणूस पाचही जणांचे रेट बघतो. कोणी टूलिंगचा खर्च वेगळा दाखवलाय, कोणी तुकड्याच्या भावात धरलाय, कोणी कच्चा माल आपण देणार असं गृहीत धरलंय, हे सगळं एका पातळीवर आणायचं काम त्याचं. तिथे चार ठिकाणी आपला अंदाज चालतो. प्रामाणिक माणसाचाही हात तिथे नकळत झुकू शकतो, आणि झुकला नाही तरी तो झुकला नव्हता हे नंतर दाखवता येत नाही.

चाकण_खरेदी, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या दोघांत पैशांचा काही व्यवहार आहे का?

वेताळटेकडी
नोकरी करता करता शॉप चालवायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. माझ्या मित्रानं बायकोच्या नावावर जीएसटी नंबर घेतला होता, तरी प्रकरण बाहेर आलंच. नोकरी गेली.

चाकण_खरेदी
वेताळटेकडी, शॉप माझं नाही, मेहुण्याचं आहे. तो आणि त्याचा मित्र निम्मे-निम्मे भागीदार आहेत.

जुना_खरेदीवाला, पैशांचं विचारलंत म्हणून सांगतो. दीड वर्षापूर्वी त्यानं व्हीएमसी मशीन घेतलं तेव्हा डाउन पेमेंटला मी तीन लाख हातउसने दिले होते. नव्वद हजार परत आलेत. व्याज वगैरे काही नाही, घरातलाच व्यवहार आहे. याचा या विषयाशी संबंध येईल असं डोक्यातही नव्हतं.

काल रात्री हा मेल लिहिलाय, बघा:

‘सर, एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो, कृपया गैरसमज नसावा. ब्रॅकेटच्या कोटेशनमध्ये एक शॉप माझ्या दूरच्या नातेवाईकाचं आहे. त्याला यादीत मी घेतलेलं नाही. गेल्या सात वर्षांत माझ्यावर एकही आक्षेप आलेला नाही, आणि या प्रकरणातही मी पूर्णपणे निःपक्षपातीपणे काम करेन याची खात्री बाळगावी.’

जुना_खरेदीवाला
म्हणजे नात्यापेक्षा उसन्या पैशांची गोष्ट मोठी निघाली. त्याला ऑर्डर मिळाली तर तुमचे दोन लाख दहा हजार लवकर सुटतात. तुम्ही तसा विचार केला नसेल, माझा विश्वास आहे. पण साहेबांना आज नातं सांगितलं आणि सहा महिन्यांनी उसने पैसे दुसऱ्या कुणाकडून कळले, तर आजचं सांगणंही लपवाछपवीत मोजलं जाईल. दोन्ही एकाच मेलमध्ये हवं.

आता तुमचा मेल. ‘गैरसमज नसावा’ काढा, ते वाचूनच गैरसमज सुरू होतो. ‘दूरचा नातेवाईक’ हे खरं नाही, सख्खा मेहुणा आहे. सात वर्षांचं काढा, ते कोणी विचारलेलं नाही. आणि ‘मी निःपक्षपातीपणे काम करेन’ यात हे काम तुमच्याकडेच राहणार हे तुम्हीच ठरवून टाकलंय. ते साहेबांनी ठरवायचं. ‘यादीत मी घेतलेलं नाही’ हे मात्र ठेवा, ती माहिती आहे. फक्त कोणी आणि कधी घेतलं ते लिहा, म्हणजे ती सफाई वाटणार नाही.

मी असं लिहीन:

‘सर, ब्रॅकेटसाठी आलेल्या पाच कोटेशनपैकी एक शॉप माझ्या पत्नीच्या सख्ख्या भावाचं आहे. तो त्यात निम्म्याचा भागीदार आहे. दीड वर्षापूर्वी मशीनसाठी मी त्याला तीन लाख रुपये उसने दिले होते, त्यातले 2,10,000 येणे बाकी आहेत. शॉपमध्ये माझा किंवा पत्नीचा हिस्सा नाही. शॉपचं नाव यादीत (सहकाऱ्याचं नाव) यांनी (तारीख) रोजी घातलं. पाचही कोटेशन मी मंगळवारी उघडून पाहिली आहेत. कंपॅरिटिव्ह सुरू केलेलं नाही, आणि आपला निर्णय येईपर्यंत करणार नाही. या कोटेशनबद्दल मेहुण्याशी माझं बोलणं झालेलं नाही.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. फोनवर ‘कोटेशन मिळालं का रे’ एवढं जरी झालं असेल, तर तेही तसंच लिहा.

मगरपट्टा_एचआर
मजकूर पटला, पण नुसता मेल पाठवू नका. अचानक असा मेल आला की साहेब आधी घाबरतात, मग तो वरती पाठवून मोकळे होतात. दहा मिनिटं समोर बसून हेच सांगा आणि त्याच दिवशी मेल करा. माझ्याकडे अशी प्रकरणं येतात. नुसतं तोंडी सांगितलेलं वर्षभरानं कोणालाच आठवत नाही, आणि साहेबांची बदली झाली तर सगळंच पुसलं जातं.

एका बाबतीत मात्र जुना_खरेदीवाला यांच्याशी माझं जमत नाही. ‘मला या कामातून बाजूला करा’ असं सरळ लिहावं. साहेबाला दहा कामं असतात, त्याच्या हातात पर्याय दिला की निर्णय पटकन होतो.

जुना_खरेदीवाला
तोंडी आणि मेल दोन्ही, हे मान्य. पण बाजूला होण्याची मागणी आपण केली की काही साहेब ‘ठीक आहे’ म्हणून तेवढंच करतात आणि पुढचा विचार करत नाहीत. पुढेच तर खरी अडचण असते. ऑर्डर गेल्यावर दर महिन्याचं शेड्यूल कोण देणार? स्टीलचे भाव वाढले म्हणून शॉपनं रेट वाढवून मागितला तर मान्य कोण करणार? माल नापास झाला तर डेबिट नोट कोण काढणार?

माझ्यावर हे गुदरलंय. माझ्या साडूचं शॉप निवडलं गेलं तेव्हा मी रीतसर कळवून बाजूला होतो. सव्वा वर्षानं विभागाची फेररचना झाली आणि तेच शॉप माझ्या वाट्याला आलं. कोणाच्या लक्षात नव्हतं, खरं सांगायचं तर कामाच्या गर्दीत मीही दोन महिने गप्प राहिलो. मग दोन हजारांच्या लॉटमध्ये चारशे नगांचं बोअर मापाबाहेर निघालं. साडूचा फोन आला, ‘रीवर्क करून देतो, डेबिट नको टाकूस.’ असं रीवर्क आम्ही इतर शॉपकडून घेतही होतो. पण मी हो म्हणालो असतो तरी अडकलो असतो, आणि मुद्दाम कडक वागून नाही म्हणालो असतो तर तेही नात्यामुळेच झालं असतं. जुना मेल शोधला, नव्या साहेबांना पाठवला आणि सोबत लिहिलं की दोन महिने हे शॉप माझ्याकडे आहे आणि मी हे आधी कळवायला हवं होतं. ते दोन महिने मला आजही डाचतात.

इंद्रायणीकाठ
म्हणजे आयुष्यभर सांगतच बसायचं! आणि उसने पैसे हा नवरा-बायकोच्या घरातला विषय आहे. साहेबाला आपला बँक बॅलन्स कशाला दाखवायचा? उद्या मेल दहा जणांना फॉरवर्ड झाला तर घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मगरपट्टा_एचआर
ही भीती अगदी खरी आहे, आणि त्यावर उपाय आहे. मेल फक्त साहेबांना आणि एचआरमधल्या संबंधित व्यक्तीला करा. खाली लिहा की यात कौटुंबिक व्यवहाराची माहिती आहे, गरजेपुरतीच पुढे द्यावी. रक्कम मात्र लिहा. दहा हजार आणि दोन लाख यांत फरक आहे, आणि तो ठरवायला समोरच्याकडे आकडा लागतो.

चाकण_खरेदी
आज सकाळी साहेबांना भेटलो. उसन्या पैशांचं सांगताना घसा कोरडा पडला होता, पण सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘बाकीच्या चौघांचे रेट पाहिलेस?’ मी म्हणालो, हो, मंगळवारी. पुढे ‘पण मी कोणाला सांगितलं नाही’ असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. त्यांनीच विचारलं तेव्हा सांगितलं. दुपारी मेल पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे, पाचही जणांकडून नव्यानं कोटेशन मागवणार, आणि ती फाईल मला दिसणार नाही. पुढच्या शेड्यूलचं आणि डेबिटचं विचारलं, तर म्हणाले, ऑर्डर त्याला गेली तर तेव्हा बघू.

इंद्रायणीकाठ
बघा, काम गेलंच हातातून.

जुना_खरेदीवाला
एक ब्रॅकेट गेला. ‘तेव्हा बघू’ हे मात्र मला खटकतंय. ऑर्डर निघाली की त्याच मेलला उत्तर देऊन परत विचारा.

चाकण_खरेदी
विचारणार. सध्याची काळजी वेगळीच आहे. नव्यानं कोटेशन का मागवलं हे मेहुण्याला कळलं नाहीये आणि तो चिडलाय. रविवारी जेवायला येतोय. बायको म्हणते, निदान घरच्या माणसाला तरी खरं सांग. पण ते सांगितलं तर आतली गोष्ट बाहेर गेली. त्यानं विचारलंच तर एवढंच म्हणणार आहे की त्या कामात मी नाही. बायकोला हे पटलेलं नाही.