वेळ ठरवायला बुकिंगची लिंक पाठवणं उद्धटपणाचं वाटतं का?

उनाडवारा: आमच्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीशी अर्धा तास बोलायचंय. गरज माझी आहे. वेळ ठरवायच्या ईमेलच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून Calendly ची लिंक पाठवावी म्हणते. सहकारी म्हणतो, ते उद्धट दिसेल. खरंच का?

सडेतोड: दिसणारच. गरज तुमची, आणि लिंक उघडून, वेळ शोधून, नाव-ईमेल त्यांनी भरायचं? सरळ "आपल्याला कधी सोयीचं पडेल?" विचारा.

दुपारचाचहा: माझ्या सहीखाली कायम लिंक असते. शिकवणीचे विद्यार्थी स्वतःच वेळ घेतात, आजवर कुणी नाक मुरडलेलं नाही.

रिकामारकाना: @दुपारचाचहा, ते तुमच्याकडे येतात. इथे उलटं आहे.

@सडेतोड, "कधी सोयीचं पडेल?" यातही काम त्यांच्याच गळ्यात पडतं. कॅलेंडर उघडा, मोकळ्या वेळा शोधा, टाइप करा. नुसती लिंक खटकते हे मात्र खरं. म्हणून मजकुरातच वेळा द्यायच्या आणि लिंक शेवटी, हवी तर वापरा अशी:

"मंगळवारी सकाळी ११, बुधवारी दुपारी ४ किंवा गुरुवारी सकाळी १० यांपैकी एखादी वेळ चालेल का? नुसता वार कळवलात तरी पुरे, निमंत्रण मी पाठवते. यातलं काही जमत नसेल तर माझ्या बाकी मोकळ्या वेळा इथे दिसतील: (लिंक). तुमची स्वतःची लिंक असेल तर मी तिथून वेळ घेते."

"बुधवार" एवढं लिहिलं की त्यांचं काम संपलं. पण पाठवण्याआधी या तिन्ही वेळा आपल्या कॅलेंडरवर अडवून ठेवा. नाहीतर त्याच लिंकवरून तिसराच कुणी बुधवार घेतो, आणि तुम्हाला त्यांच्याकडे पुन्हा वेळ मागावी लागते. त्या वेळा मग लिंकवर दिसत नाहीत, त्याने काही बिघडत नाही, मजकुरात आहेतच. उत्तर आलं की उरलेल्या दोन मोकळ्या करा.

लिंकवरचे जास्तीचे प्रश्नही काढून टाका. "भेटीचा उद्देश" त्यांनी का भरावा? तो तुम्ही लिहायचा.

उनाडवारा: त्या परदेशात असतात. मग?

रिकामारकाना: लिंक वेळा सहसा उघडणाऱ्याच्या टाइम झोनमध्ये दाखवते, तुमचा मजकूर नाही. तिन्ही वेळा त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिहा आणि शहराचं नाव घाला. "तुमची सकाळ" म्हणून भागत नाही.

सडेतोड: मजकूर पटला. लिंक अजून नाही. त्या आठवडाभर गप्प राहिल्या तर तीन वेळा अडकवून बसायचं?

रिकामारकाना: पहिली वेळ येण्याच्या आदल्या दिवशी मी तिन्ही सोडतो आणि नव्या वेळांसह एकदाच आठवण करतो. तेव्हा "लिंकवरून घेतलीत का?" असं विचारत नाही, ते टोचतं.

सडेतोड: माझ्यासारख्याला त्या आठवणीतही लिंक नकोच. तीन वेळा आणि फोन नंबर द्या.