११ केव्ही न्यूट्रलला एनईआर बसवला, अर्थ फॉल्ट सेटिंग जुनंच ठेवू का?

शिरोलीकर: शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे आमची. ३३/११ केव्ही, ५ एमव्हीए, डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर. स्टार पॉइंट आजवर थेट अर्थला होता. आता मधे २१ ओहमचा एनईआर आलाय, प्लेटवर ३०० अँपिअर, १० सेकंद. फीडरच्या सीटी ३००/१, अर्थ फॉल्ट सेटिंग ४० टक्के. कंत्राटदार म्हणतो चालतंय. खरंच?

गुऱ्हाळवाला: पिटचं रीडिंग किती येतंय? आमच्याकडे उन्हाळ्यात लई वाढतं. मीठ-कोळसा भरून पाणी मारा.

शिरोलीकर: दादा, पिट नाही, न्यूट्रलमधला रेझिस्टर.

रिलेराव: करंट कमी झाला म्हणजे सेटिंग ५ टक्के करा, विषय संपला. फीडर नाहीच उडाला तर मागं ३३ चा ओव्हरकरंट आहेच की.

टेस्टिंगवाले काका: सेटिंग खाली आणायचं हे बरोबर, पण ३३ च्या भरवशावर राहू नका राव. ११ कडच्या ३०० अँपिअरच्या अर्थ फॉल्टला ३३ कडच्या दोन फेजमध्ये जेमतेम ५८ अँपिअर दिसतात, आणि तुमचा फुल लोडच ८७ आहे. डेल्टामुळं तिकडच्या अर्थ फॉल्ट रिलेला तर काहीच कळत नाही.

शिरोलीकर, तुमचे ४० टक्के म्हणजे १२० अँपिअर. केबल कोरड्या मुरमात फुटली आणि फॉल्टच्या जागी ४० ओहम आले, तर २१ धरून ६१ ओहम, करंट १०४. रिले गप्प. एनईआर मात्र तापत राहणार. दीड मिनिटाच्या आत १० सेकंदांच्या रेटिंगएवढी उष्णता त्यात उतरते. तो जळून उघडला की न्यूट्रल तरंगतो, मग फॉल्ट असूनही करंट नाही.

फीडर ३० अँपिअरवर घ्या. फॉल्ट पॅनेलजवळ असो वा केबलच्या टोकाला, करंट तेवढाच येतो, त्यामुळं इनव्हर्स कर्व्हनं ग्रेडिंग होत नाही. डेफिनिट टाइम द्या: फीडर ०.१ सेकंद, इनकमर ०.४, न्यूट्रल सीटीचा रिले ०.८, आणि त्यानं ३३ चा ब्रेकर पाडायचा.

रिलेराव: मग ५ टक्के का नको? १५ अँपिअर अजून चांगले.

टेस्टिंगवाले काका: तीन सीटींच्या बेरजेवर मोठी मोटर सुरू होताना खोटा करंट दिसतो, फीडर उगाच उडेल. एवढं खाली जायचं तर कोअर बॅलन्स सीटी लावा. केबलच्या आर्मरची अर्थ पट्टी त्यातूनच परत घ्यायची, नाहीतर आर्मरमधून परतणारा करंट फॉल्टचा करंट खाऊन टाकतो. ही पट्टी बाहेरून नेलेली मी बऱ्याच ठिकाणी बघितलीय.

शिरोलीकर: तीन सीटीच आहेत. ३० करतो. पण ११ ला लायटनिंग अरेस्टर ९ केव्हीचे आहेत, ते चालतील?

टेस्टिंगवाले काका: आता फॉल्टमध्ये बाकीच्या दोन फेज जमिनीच्या मानानं ११ केव्हीवर जाणार. मी असतो तर १२ केव्हीचे घातले असते.

रिलेराव: सेकंदात ट्रिप होतंय की काका. उगाच खर्चात पाडू नका.