मदत हवी आहे: सकाळचा गोळीचा चहा, कॉफी आणि साखरेचे आकडे

सांगलीची_सई
बाबा 66 वर्षांचे आहेत, टाइप 2 डायबेटिस, फक्त मेटफॉर्मिन चालू. सकाळी सहाला घरच्या मशीनवर उपाशीपोटी साधारण 118 येते. मग मोठा कप दुधाचा चहा, त्यात साखरेऐवजी सुक्रालोजच्या दोन गोळ्या. पाऊण तासाने परत बघितलं की 146, कधी 150. मध्ये खाल्लेलं काही नाही.

बाबांचा निकाल तयार आहे: गोळीनेच साखर वाढते, त्यापेक्षा गूळ घेतो. आई म्हणते दोष कॉफीचा, कारण बंगळूरहून फिल्टर कॉफीची पावडर आल्यापासून आठवड्यातले काही दिवस चहाच्या जागी कॉफी असते. गोळी, कॅफिन की तिसरंच काही, हे घरी तपासता येईल का? पट्ट्या महाग आहेत, त्यामुळे वाटेल तितक्या वापरता येणार नाहीत.

गुळाचा_खडा
गोळ्या आधी बंद करा. जिभेला गोड लागलं की शरीर इन्सुलिन सोडतं आणि साखर बिघडते. आमच्याकडे सगळे गुळाचाच चहा पितात, तो नैसर्गिक असतो.

लॅबवाल्या_काकू
खडेसाहेब, इन्सुलिन सुटलं तर साखर खाली यायला हवी, वर कशी जाईल? सुक्रालोजमुळे इन्सुलिनचा प्रतिसाद थोडा बदलतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे, काहींत दिसलेलं नाही. तेवढं तुमचं खरं. पण चहातल्या दोन गोळ्यांनी पाऊण तासात 30 चा फरक पडणार नाही. गुळाबद्दल बोलायचं तर रक्ताच्या हिशोबात तो साखरच आहे.

सई, तुम्ही एका कपाकडे बघताय, पण त्या पाऊण तासात चार गोष्टी एकदम घडतात. पहाटे कॉर्टिसॉल आणि इतर हार्मोन वाढतात, यकृत साखर सोडतं, त्यामुळे काही न घेताही आकडा चढू शकतो. दुसरं दूध. 100 मिली दुधात साडेचार-पाच ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि मोठ्या कपात दीडशे मिली दूध सहज जातं. तिसरी गोळी, चौथं कॅफिन. वेगवेगळं केल्याशिवाय भांडण मिटायचं नाही.

आधी एक विचारते: चहाबरोबर खारी, बटर, मारी, काहीच नाही ना?

सांगलीची_सई
बाबांना विचारलं. "एक खारी म्हणजे काय नाश्ता होतो का?" असं उत्तर आलं. म्हणजे असते, रोज नाही.

लॅबवाल्या_काकू
वाटलंच होतं. चाचणीच्या दिवशी खारी डब्यातच राहू दे.

आता पद्धत सांगते. सर्वात महत्त्वाची सकाळ आहे नुसत्या कोमट पाण्याची. सहाला तपासा, चहाइतकंच पाणी प्या, पाऊण तासाने परत तपासा. पहाटेची वाढ किती, ते त्यातून कळेल. दुसऱ्या प्रकारच्या सकाळी कोरा चहा दोन गोळ्या घालून. तिसऱ्या प्रकारच्या सकाळी दुधाचा चहा, गोळी नाही, दूध मापाच्या कपाने. त्या दिवशी काय प्यायचं ते चिठ्ठी उचलून ठरवा. नाहीतर रात्री लग्नाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी पाणी, असं आपोआप होतं.

प्रत्येक प्रकार एकदाच करून काही कळणार नाही. मशीनच्या मानकानुसार 100 च्या वरचे बहुतेक आकडे 15 टक्के इकडे-तिकडे चालतात, म्हणजे खरी 118 असेल तर मशीन 105 किंवा 130 दाखवू शकतं. म्हणून प्रत्येक प्रकार निदान तीन-चारदा करा, आणि दुसरा आकडा नुसता न बघता पहिल्यापासून किती वाढला ते लिहा. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. फळ चिरलेल्या हातावर आकडा उगाच वर जातो. पट्ट्या एकाच डब्यातल्या वापरा.

बाबा फक्त मेटफॉर्मिनवर आहेत म्हणून नाश्ता थोडा लांबवायला सांगतेय. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, साखर खाली जाईल.

डोंबिवली_लोकल
माझी उद्या फास्टिंग आहे. बिनसाखरेचा कोरा चहा पिऊन गेलं तर चालतं ना? लॅबवाला फोन उचलत नाही.

लॅबवाल्या_काकू
धाग्याचा विषय वेगळा आहे, तरी सांगते: नाही. आठ तास फक्त पाणी. सकाळी फिरायलाही जाऊ नका.

एडिसनचा_अण्णा
माझ्या दंडावर सेन्सर असतो. कोऱ्या चहाने काही होत नाही, पण रिकाम्या पोटी कडक कोरी कॉफी घेतली की वीसेक पॉइंट वर जातोच. त्यात दूध नाही, गोळी नाही. त्यामुळे सईताईंच्या आईंच्या बाजूने माझं मत.

लॅबवाल्या_काकू
कॉफी न घेता त्याच वेळेला उठलात तर किती वाढतो?

एडिसनचा_अण्णा
सुट्टीच्या दिवशी दहाएक. पण तेव्हा उशिरा उठतो.

लॅबवाल्या_काकू
मग ती तुलना धरता येत नाही. तरी तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. कॅफिनने अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि काही तास इन्सुलिनचं काम मंदावतं. माणसामाणसात यात बराच फरक असतो, आणि कॉफीच्या कपात चहापेक्षा कॅफिन सहसा जास्त असतं.

पण हा परिणाम पोटात अन्न गेल्यावर जास्त दिसतो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने 2020 मध्ये एक प्रयोग छापला होता. निरोगी लोकांना झोपमोडीच्या रात्रीनंतर कडक कोरी कॉफी दिली, मग ग्लुकोजचं पेय. कॉफीमुळे साखरेची उसळी सुमारे निम्म्याने वाढली. नुसत्या झोपमोडीने तेवढा फरक पडला नव्हता. म्हणून कॅफिनची परीक्षा नाश्त्याबरोबर घ्यावी लागते: एका दिवशी साधी कॉफी, दुसऱ्या दिवशी डिकॅफ, दोन्हींत दूध तेवढंच, अर्ध्या तासाने तोच नाश्ता, मग दोन तासांनी बोट. रोजची कॉफी एकदम तोडली तर डोकं दुखतं आणि झोपेचंही गणित बदलतं, ते लिहून ठेवा.

सांगलीची_सई
चिठ्ठ्या उचलून केलं, बाबांना यातच जास्त मजा आली. नुसत्या पाण्यानेसुद्धा 116 ची 127 झाली, दुसऱ्या दिवशी 121 ची 130. साधारण दहाची वाढ रोजचीच. गोळ्या घातलेल्या कोऱ्या चहाचे आकडे जवळपास तसेच, 114 ची 126 वगैरे. दुधाचा चहा, गोळी नाही, खारी नाही: 119 ची 149, नंतर 117 ची 143. गोळी सुटली. बाबा आता म्हणतात दूध काय वाईट असतं का.

कॉफीचं मात्र जमलं नाही. नाश्त्याला पोहे ठेवले होते. साध्या कॉफीने दोन तासांनी एकदा 191, एकदा 168. डिकॅफने 172 आणि 159. आई जिंकली असं म्हणू का?

लॅबवाल्या_काकू
दूध वाईट नाही, कप मोठा आहे. निम्मं दूध घालून बघा.

कॉफीचं अजून काही म्हणू नका. साध्या कॉफीच्याच दोन दिवसांत 23 चा फरक आहे, मग डिकॅफशी तुलना कशाची करायची? पोहे कोरडे असताना वजन करून घेतले होते का? बटाटा किती होता?

सांगलीची_सई
पोहे अंदाजाने. बटाटा एका दिवशी नव्हताच.

गुळाचा_खडा
पोह्यांनीच वाढली असणार. पोहे बंद करा.

लॅबवाल्या_काकू
सई, पुढच्या वेळी मोजून घेतलेला उपमा नाहीतर ठरलेले दोन ब्रेड ठेवा, आणि प्रत्येक पेयाचे चार-पाच दिवस होऊ द्या. रात्री झोप मोडली असेल तो दिवस वेगळा लिहा. अण्णा, तुम्हीही एका सुट्टीला सहाचा गजर लावा आणि कॉफी न घेता सेन्सर काय म्हणतो ते इथे टाका.