शब्दचर्चा: ‘प्रपोर्शनेट फोर्स’ मराठीत कसं लिहायचं?

कौमुदी_भाषांतर
एका लेखाचं भाषांतर करतेय, अडकलेय. २००९ मधली अमेरिकेतली ओक्लाहोमा सिटीची केस आहे. औषधाच्या दुकानात दोन पोरं घुसली, एकाच्या हातात पिस्तूल. दुकानदाराने बिनहत्यारी पोराच्या डोक्यात गोळी घातली, तो खाली पडला. दुसरा पळाला त्याच्यामागे हा रस्त्यापर्यंत गेला, परत आला, पडलेल्या पोराच्या बाजूने चालत काउंटरमागे गेला, ड्रॉवरमधून दुसरं पिस्तूल काढलं आणि त्याच्यावर अजून पाच गोळ्या झाडल्या. सगळं कॅमेऱ्यात. २०११ मध्ये ज्युरीने खून धरला, जन्मठेप झाली. लेखात पुन्हा पुन्हा ‘प्रपोर्शनेट फोर्स’ येतं. मी ‘प्रमाणबद्ध बळ’ लिहिलं होतं, संपादक हसले. ‘समप्रमाणात बलप्रयोग’ कसं वाटतं?

विसूभाऊ_नाशिक
प्रमाणबद्ध मूर्ती असते हो ताई, मार नसतो. समप्रमाण म्हणजे शाळेतलं गणित. आणि बलप्रयोग हा तर सरकारी कागदावरचा शब्द, माणूस बोलतो का असं? ‘बेताचा मार’ म्हणा.

शुद्धमराठी
‘बेत’ हा फारसी शब्द ना? ‘यथोचित प्रतिकार’ इतका सरळ शब्द असताना बाहेरून उसनं आणायची हौस कशाला.

विसूभाऊ_नाशिक
मग ‘सरळ’ ऐवजी ‘ऋजु’ लिहा की तुम्ही 😀 चोर दारात उभा आहे आणि हा म्हणणार थांब, मी यथोचित प्रतिकार करतो.

मीपुणेकर_७४
शब्दाचं सोडा, कायदा साधा आहे, माणूस बळजबरीने दुकानात शिरला की काहीही करायची मुभा. फक्त त्याच्याकडे चाकू असेल तर तुम्ही बंदूक काढायची नाही, हत्याराला हत्यार. आमचे एक ओळखीचे पोलिसात होते, ते सांगायचे.

जुनाबार
फौजदारी कोर्टात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो. पुणेकर, पहिलं वाक्य अर्धं खरं आणि दुसरं चूक. हत्याराला हत्यार असला नियम कुठेच नाही. चाकू घेऊन माणूस अंगावर येतोय आणि तुमच्या हाताशी परवान्याची बंदूक आहे, तर कोर्ट विचारतं की त्या क्षणी या माणसाला जिवाची भीती वाटणं स्वाभाविक होतं का. सुप्रीम कोर्टाने पूर्वीपासून सांगितलंय की घाबरलेल्या माणसाने किती जोरात मारलं हे सोन्याच्या तराजूत तोलायचं नाही, त्याला तेवढा विचार करायला सवड नसते.

आता कौमुदीताईंचा प्रश्न. आपल्या कलमात प्रमाण हा शब्दच नाही. जुन्या दंड संहितेचं ९९, आता न्याय संहितेचं ३७, त्यात एवढंच की बचावासाठी जेवढी गरज तेवढ्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणजे मोजायची ती गरज. चोराने जेवढं मारलं तेवढंच तुम्ही मारायचं असा हिशेब नाही, आणि ‘समप्रमाण’ने वाचकाला नेमकं तेच वाटेल. मी ‘गरजेपुरता जोर’ लिहिलं असतं.

कौमुदी_भाषांतर
‘गरजेपुरता’ छान आहे! मग पुढचं वाक्य ‘त्याने गरजेपेक्षा जास्त जोर वापरला’ असं करू ना?

जुनाबार
तिथेच घोळ होईल. ही केस जास्त-कमीची कमी आणि आधी-नंतरची जास्त आहे. पहिल्या गोळीला सरकारी वकिलांनीही हरकत घेतली नव्हती, पिस्तूल रोखलेला साथीदार समोर होता. पण दुसरा पळून गेला, हा परत आला, पाठ फिरवून ड्रॉवरकडे गेला. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे कोणी पाठ करतं का? पाऊण मिनिटच गेलं होतं, पण त्यात धोका संपला. त्या पाच गोळ्या बचावातल्या नव्हेतच. त्यामुळे ‘हद्द ओलांडली’ लिहाल तर अर्थ निसटेल, हक्कच संपला होता.

आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण हक्क चालू असताना चांगल्या हेतूने, आधी न ठरवता हद्द ओलांडली आणि समोरचा मेला तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधावर येतं, शिक्षा बरीच खाली येऊ शकते. हक्क संपल्यावर मारलं तर ती सवलत मागायलाच जागा नाही. १९६२ चा जयदेवचा निकाल आहे, न्या. गजेंद्रगडकरांचा, जमिनीचं भांडण होतं, हल्लेखोर पळत असताना लांबून गोळ्या झाडल्या. कोर्ट म्हणालं भीती संपली तिथे बचाव संपला.

किराणा_सांगलीकर
साहेब माझंच सांगतो, शटर ओढत होतो तेवढ्यात एक पोरगं गल्ल्यातल्या नोटा उचलून पळालं, मी दोन किलोचं वजन फेकून मारलं, खांद्याचं हाड मोडलं त्याचं. त्याच्यावर गुन्हा झालाच पण माझ्यावर पण घेतला गंभीर दुखापतीचा. दरोडा माझ्या दुकानात आणि आरोपी मी, हा कुठला न्याय?

जुनाबार
काका, एकटं पोरगं म्हणजे दरोडा नाही, त्याला पाच जण लागतात. धाक किंवा मारहाण नसेल तर जबरी चोरीपण नाही, साधी चोरी. जबरी चोरीत जीव घेण्यापर्यंत हक्क जातो, साध्या चोरीत जिवावर बेतलं नसेल तर जीव सोडून बाकी इजेपर्यंत. चोर माल घेऊन पळतोय तोवर हक्क चालू असतो, म्हणजे तुम्ही अगदीच उघड्यावर नाही. वजन फेकलं तेव्हा पैसे कुणाकडे होते?

किराणा_सांगलीकर
मी ओरडलो तसे त्याने रस्त्यात टाकले होते. पण राग आला होता साहेब.

जुनाबार
माल परत मिळाला की चोरीविरुद्धचा हक्क तिथेच संपतो. तुमच्या वकिलाला कॅमेऱ्याचं फुटेज आधी बघायला सांगा, टाकणं आणि फेकणं यांच्यात किती अंतर आहे. एका झटक्यात झालं असेल तर मांडायला जागा आहे. आणि बचाव शंकेपलीकडे सिद्ध करावा लागत नाही, तसं घडलं असणं जास्त शक्य दिसलं तरी चालतं. ‘राग आला’ मात्र लिहीत सुटू नका, इथेसुद्धा.

मीपुणेकर_७४
म्हणजे चोराला विचारायचं का, बाबा रे पैसे टाकलेस का? घरफोडीत तरी मुभा आहे ना?

जुनाबार
रात्रीच्या घरफोडीत जास्त मुभा आहे, पण तीही तो आत आहे तोवर. आणि गरजेपुरता हे तिथेही सुटत नाही.

शुद्धमराठी
मूळ विषय भाषेचा आहे. वृत्तपत्रं दोघांनी चाकू दाखवला तरी ‘दरोडा’ छापतात, ही खरी विटंबना. दरोडा हा दर आणि ओढा यांचा संधी आहे, दारातून ओढून नेणे.

विसूभाऊ_नाशिक
अहो काहीतरीच! आमच्याकडे म्हातारी माणसं ‘दरवडा’ म्हणतात, जुन्या कोशातही सापडेल. त्यात ओढा कुठून वाहत आला? आणि लोकांनी दोघांच्या लुटीला दरोडा म्हटलं तर काय बिघडलं, शब्द कोर्टाच्या मालकीचा आहे का.

जुनाबार
बोलण्यात नाही बिघडत. सांगलीकरांसारखा माणूस फिर्यादीत ‘दरोडा’ लिहितो आणि जबाबात एकच पोरगं सांगतो, तेव्हा समोरचा वकील खूष होतो.

कौमुदी_भाषांतर
मी ‘गरजेपुरता जोर’ केलं, संपादक आता म्हणतात ‘जोर’ व्यायामशाळेत काढतात. ‘बळ’ ठेवू का?

शुद्धमराठी
बळच. कधीपासून सांगतोय.

विसूभाऊ_नाशिक
तुम्ही ‘यथोचित प्रतिकार’ सांगत होतात, वर जाऊन वाचा. आणि त्या ओढ्याचा पुरावा टाका आधी.