अनुभव धागा: पिशवी भरभर भरते तेव्हा... पाणी, मीठ आणि रोजची वही

मीनल_ठाणे
आज नवीन मावशी आल्या, त्यांनी बाथरूमच्या माळ्यावरचा प्लास्टिकचा जग काढला, घासून लख्ख केला आणि त्यात चक्क मूगडाळ भिजत घातली. सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या काकू धावत आल्या. डाळ फेकली, जग परत माळ्यावर. पण त्याच्यावरच्या माझ्या लाल नेलपॉलिशच्या रेघा बघितल्या, ५००, १०००, आणि सगळं आठवलं, म्हणून हा धागा.

२०१९ ला सासऱ्यांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आतला जोड भरून येईपर्यंत लहान आतडं पोटावर काढलेलं, म्हणजे इलिओस्टॉमी, त्यावर पिशवी लावलेली. नवव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर 'भरपूर पाणी प्या' एवढं एकच वाक्य. वही मी घातली, हेतू काही नाही, नवऱ्याला आणि मला पाळीपाळीने पिशवी रिकामी करायची होती म्हणून कोणी कधी केली ते कळावं. पहिला दिवस ११०० मिली. चौथा १९००. पाचवा २४००, आणि लघवी दिवसभरात जेमतेम ३५०, चहासारखी. बाबांचं तोंड कोरडं, पाणी मागायचे, आम्ही द्यायचो, साडेतीन चार लिटर तरी असेल, वर दोन शहाळी. जेवढं पाणी तेवढी पिशवी. सहाव्या दिवशी उठले आणि चक्कर येऊन पलंगावर बसले, पोटऱ्यांत गोळे. ॲडमिट. सोडियम १२८, क्रिएटिनिन २.१.

तिथे एक तरुण डॉक्टर होत्या त्यांनी वही मागितली आणि उलट प्रश्न विचारला, बाहेर किती आलं ते लिहिलंत, आत काय गेलं ते कुठे आहे? मग समजावलं. मीठ नसलेलं पाणी वरच्या आतड्यात गेलं की आतडं स्वतःचं मीठ त्यात सोडतं, आणि ते परत शोषून घ्यायला मोठं आतडं वाटेत नाहीच, सगळं मीठपाणी थेट पिशवीत. म्हणजे तहान भागवायला आम्ही जे देत होतो तेच त्यांना सुकवत होतं. मला त्या दिवशी खूप रडू आलं.

बाकीचं नंतर लिहिते, कुकर झालाय.

नांदेडचा_दादा
मला २२ व्या वर्षी टायफॉईडने आतडं फुटलं होतं, सहा महिने पिशवी. तेव्हा काही मोजबिज नव्हतं बुवा. आई शहाळं द्यायची रोज तीन. शहाळ्यासारखं दुसरं काही नाही, ओआरएस वगैरे लहान पोरांना. मी आज ४१ चा आहे ठणठणीत.

सिस्टर_अलका
दादा तुम्ही बरे झालात आनंद आहे पण शहाळ्याचं सांगू नका हो कोणाला. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं, आणि पिशवीतून नेमकं सोडियमच जातं. तुमचा स्टोमा, म्हणजे आतड्याचं पोटावरचं तोंड, बहुतेक लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला असेल, आतडं वर जास्त शिल्लक राहिलं असणार म्हणून निभावलं. स्टोमा जेवढा वरचा तेवढा त्रास जास्त.

(मी वॉर्डात १४ वर्षं, त्यातली ६ स्टोमावर. ड्युटी संपली आहे, बसमध्ये टाईप करते.)

पार्ल्याची_सुमा
माझ्या आईला पण पिशवी आहे, तिला मात्र चार चार दिवस होत नाही, इसबगोल देते. बाकीच्यांनी पण द्या, पाणी भरपूर प्यायला सांगा, काकडी टोमॅटो.

सिस्टर_अलका
सुमाताई तुमच्या आईची डाव्या बाजूला असेल ना? ती मोठ्या आतड्याची, कोलोस्टॉमी. वेगळी गोष्ट पूर्ण. तिकडे बद्धकोष्ठ होतं, इथे उलटं. काकडी टोमॅटोची साल इलिओस्टॉमीत अडकते.

पार्ल्याची_सुमा
अय्या हो डावीकडेच. वेगळं असतं माहीत नव्हतं, १ वर्ष झालं 🙈

मीनल_ठाणे
आले. तर दोन दिवस सलाईन, मग घरी ही व्यवस्था. एक लिटर ओआरएस, पूर्ण पाकीट मोजलेल्या एका लिटरमध्ये, घोट घोट करत दिवसभर, गार करून. गार असलं की प्यायचे, कोमट दिलं की 'समुद्राचं पाणी' म्हणून ढकलायचे. बाकी सगळं द्रव, पाणी चहा ताक मिळून, एक लिटरच्या आत. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही अर्धा तास नंतर नाही. तहान लागली की बर्फाचा लहान खडा. आणि लोपरामाईड २ मिग्रॅ चार वेळा, अर्धा तास आधी, जेवणाबरोबर नाही! आम्ही पहिले दोन दिवस जेवणाबरोबरच देत होतो, काही फरक नाही, नंतर वेळ बदलली आणि मग कमी व्हायला लागलं. पुढे डॉक्टरांनी ४ केली.

वहीचे आकडे: सोडल्यावर दुसरा दिवस १७५०, मग १६००, १४५०, मग एक दिवस परत १९००. शोधलं तर सासूबाईंनी लाडाने दुपारी दोन ग्लास लिंबूसरबत दिलेलं, मीठ चिमूटभर आणि साखर पाच चमचे. आठव्या दिवशी १०५०, दोन आठवड्यांनी ८०० ते ९०० वर स्थिर. लघवी एक लिटरच्या आसपास, फिक्की. क्रिएटिनिन १.२. वजन ५८ वरून ५४ झालं होतं ते ५६ ला आलं.

कोकणातली_पोर
मीनलताई तुमच्याकडे पेज चालायची का गं? आजीची पिशवी होती, रोज मऊ भाताची पेज मीठ घालून, वरून खारातल्या कैरीचं पाणी (कैरी नाही, नुसतं खाराचं पाणी). तिला ओआरएस पिववेना, पेज मात्र वाडगाभर.

मीनल_ठाणे
हो! तीच मेजर गोष्ट. मऊ भात, दहीभात, पेज, साबुदाण्याची लापशी, उकडलेला बटाटा, केळं. भाताने पिशवीतलं घट्ट होतं. तुझ्या आजीची रेसिपी दे ना सविस्तर, मला आत्ताच भूक लागली.

कोकणातली_पोर
उकडे तांदूळ धुवून भरपूर पाण्यात मऊ शिजव, घोटून गाळ, मीठ. एवढंच. आमच्याकडे सोबत पापड भाजून, तो पण मिठासाठी 😄

लंडनकर
इकडे वडिलांना लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलचं म्हणून ओळखतात ते मिश्रण देत होते. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. म्हणजे ग्लुकोज सहा सपाट चमचे, मीठ एक सपाट, सोडा अर्धा चमचा शिगोशिग. चव भयंकर, बाबा म्हणायचे सूनबाईच्या आमटीपेक्षा बरं, त्यावर बायको आठवडाभर गप्प होती. संत्र्याचं थोडं सरबत घालून प्यायचे.

हर्षद_के
ग्लुकोज कशाला, साखर तर पाणी खेचते ना, आम्ही नुसतं मीठपाणी दिलं.

सिस्टर_अलका
अर्धं बरोबर. जास्त साखर खेचतेच, म्हणून कोल्ड्रिंक, फळांचे रस, मीनलताईंचं सरबत वाढवतात. पण आतड्याच्या पेशीत ग्लुकोजबरोबर सोडियम आत जातं, आणि त्यांच्यामागे पाणी. नुसतं मीठपाणी उलटी आणू शकतं. प्रमाण महत्त्वाचं. आपल्या पाकिटात लिटरमागे सोडियम ७५ मिलीमोल असतं, लंडनच्या मिश्रणात ९० किंवा थोडं जास्त, आणि पिशवीतल्या द्रवात १०० च्या आसपास, म्हणून काही सर्जन पाकिटात पाव चमचा मीठ वरून घालायला सांगतात. पण बीपी, हार्ट, किडनीवाल्यांनी स्वतः ठरवून घालू नका, विचारून घ्या. आणि ते टेट्रापॅकमधलं 'ओआरएससारखं' गोड पेय नको.

दुसरं. आकडा १५०० च्या वर गेला की आधी कारण बघा, आम्ही बघतो. पोटात इन्फेक्शन? अर्धवट अडथळा? अडथळ्यात पण पातळ पाणी येतं, सोबत मुरडा असतो, मग एकदम थांबतं. कुठली गोळी चालू झाली का, मधुमेहाची मेटफॉर्मिन, बीपीची लघवी जास्त करणारी गोळी. स्टिरॉइड एकदम बंद केलं का. तपासणीत लघवीतलं सोडियम बघतात, २० च्या खाली म्हणजे शरीर मीठ धरून बसलंय, रक्तातलं सोडियम चांगलं दिसलं तरी. शिवाय मॅग्नेशियम. पोटऱ्यांत गोळे, हात थरथरणं तेव्हा ते कमी असतं आणि मग पोटॅशियम कितीही द्या वर येत नाही.

स्टॉप आला उतरते.

हर्षद_के
म्हणूनच बाबांना उलटी होत होती... आता कळलं. २०१५ ची गोष्ट. असो.

लंडनकर
इसबगोलबद्दल कोणाचा अनुभव? इथे डायटिशियननी नको सांगितलं, भारतातल्या मित्राला त्याच्या सर्जननी द्यायला सांगितलं.

मीनल_ठाणे
आम्ही चार दिवस दिलं, पिशवीतलं घट्ट झालं पण मिली तेवढेच राहिले, मग बंद केलं. त्यात पोट गच्च वाटायचं. तुम्ही विचाराल तर नाही.

नांदेडचा_दादा
मला चाललं होतं. ते जाऊ दे, रात्री तीनला पिशवी सुटायची त्याचं काय करायचे तुम्ही? माझी चादर, गादी, भावाची गादी...

मीनल_ठाणे
रात्री निजायच्या दोन तास आधी जेवण आणि झोपायच्या आधी रिकामी. १२ आणि ४ चा अलार्म. तिसऱ्या आठवड्यापासून एकच.

मोजायची पद्धत पण सांगते, कोणी विचारत नाही पण चुकतात. पिशवी थेट कमोडवर ओतली की गेला आकडा. जगात ओता, आकडा वाचा, मग ओता. लीक झालं तर तेवढं अंदाजे लिहा, 'लीक' असं लिहा. नाहीतर त्या दिवशी कमी दिसतं आणि आपण खूश होतो. आमच्या वहीत १५ तारखेला ६०० आहे, तो दिवस खोटा आहे.

शीतल_इचलकरंजी
नमस्कार, आत्ता वाचलं. आईची परवा सुट्टी झाली, काल १६००, आज दुपारपर्यंत १३००. पाणी पाजत होते, आता थांबवलं, ओआरएस करते. बाकी बरी आहे, फक्त झोपून आहे.

मीनल_ठाणे
लघवी किती झाली?

शीतल_इचलकरंजी
सकाळी थोडी झाली. नंतर नाही.

सिस्टर_अलका
शीतल फोन ठेव, डॉक्टरांना फोन कर, उठून निघा. आत्ता ओआरएसवर थांबायचं नाही. वही आणि गोळ्यांची पिशवी बरोबर घे. उभं केल्यावर चक्कर येते का ते सांग त्यांना.

शीतल_इचलकरंजी
येते. जातो.

पार्ल्याची_सुमा
देवा. काळजी घे गं.

कोकणातली_पोर
कळव.

शीतल_इचलकरंजी
(रात्री ११.४०) सलाईन लावलंय. क्रिएटिनिन १.९, सोडियम १३०, मॅग्नेशियमचा रिपोर्ट सकाळी. बीपीची लघवीची गोळी बंद केली, ती कोणी लक्षातच घेतली नव्हती. डॉक्टर म्हणाले मोजलेलं होतं म्हणून लगेच कळलं. एकच जग आहे माझ्याकडे, त्यावर रेघा नाहीत, अंदाजेच होतं ते.

मीनल_ठाणे
नेलपॉलिश लाव. आधी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने मापून घे, मग रेघ मार. आणि मावशींना आधीच सांगून ठेव.