मदत हवी: एकाच पीपीटीच्या दोन आवृत्त्यांत नेमकं काय बदललं, ते कसं लिहून काढायचं?

सुजाता_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघते. बायरला मार्चमध्ये पाठवलेली पीपीटी १८ स्लाइडची. मालकांनी डिझायनरकडून नवी करून घेतली, ती १६ ची. सोमवारी बायरशी कॉल आहे. त्याआधी मालकांना बदलांची यादी हवीय. "रंग-फॉन्ट सांगू नको, आपण आता वेगळं काय बोलतोय ते सांग," म्हणाले. PowerPoint मध्ये Review > Compare करून बघितलं, तर जुन्या सगळ्या स्लाइड काढल्या आणि नव्या सगळ्या घातल्या, असंच दाखवतंय. काय करू?

मनोज७७:
सोपं आहे ताई. दोन्ही गूगल स्लाइड्सवर चढवा आणि Version history उघडा, बदल दिसतील.

जुना_खेळाडू:
मनोजराव, ती हिस्टरी एकाच फाइलमध्ये तिथेच केलेल्या बदलांची असते. बाहेरून आणलेल्या दोन वेगळ्या फाइली ती एकमेकींशी ताडून बघत नाही.

सुजाताताई, डिझायनरने बहुतेक नव्या टेम्प्लेटमध्ये स्लाइड नव्याने बनवल्यात, म्हणून Compare ला जोड्याच लागत नाहीत. जोड्या तुम्हीच लावा. नंबरावरून लावू नका. मध्ये एक स्लाइड गेली की पुढचं सगळं सरकतं. विषयावरून लावा.

आधी दोन्हींची फक्त शीर्षकं एकाखाली एक उतरवा आणि सलग वाचा. काय बोलतोय ते तिथेच निम्मं कळतं. मग जोडीजोडीने मजकूर बघा. Save As मध्ये Outline/RTF निवडलं की मजकूर निघतो, दोन्ही फाइली वर्डच्या Compare मध्ये घाला. पण त्यात वेगळ्या टेक्स्ट बॉक्समधलं, टेबलमधलं, चार्टमधलं आणि खालच्या नोट्समधलं काहीच येत नाही. आणि डिझायनर लोक सगळं टेक्स्ट बॉक्समध्येच लिहितात! तेवढं डोळ्यांनीच बघावं लागेल.

पंढरीनाथ_के:
माझ्याही पीपीटीत हाच घोळ. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठी अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी येतं. उपाय?

जुना_खेळाडू:
पंढरीनाथजी, तुमचा प्रश्न फॉन्टचा दिसतोय. जुन्या पद्धतीचा फॉन्ट असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

सुजाता_सोलापूर:
शीर्षकं उतरवली आणि चक्रावलेच. जुनीत दुसरंच शीर्षक "कापसापासून पॅकिंगपर्यंत एकाच छताखाली" होतं. नवीत ते कुठेच नाही, तिथे "सोलापूरची विणकामाची परंपरा" आलंय. सर्टिफिकेटची स्लाइड ४ वरून १३ वर गेलीय. आतल्या मजकुरात "४५ दिवसांत माल देतो" होतं, आता "साधारण ४५ दिवसांत देऊ शकतो" आहे. "१००% कॉटन" चं "प्रीमियम कॉटन" झालंय. कमीत कमी ऑर्डरचं टेबल गायब. हे सगळं एकाच यादीत लिहू का?

जुना_खेळाडू:
यादी एकच ठेवा, पण प्रत्येक ओळीत जुनं वाक्य आणि नवं वाक्य शब्दशः द्या. "डिलिव्हरीचा मजकूर बदलला" असं लिहिलंत तर मालकांना काहीच कळणार नाही. पुढच्या रकान्यात बायरच्या कानाला काय वेगळं ऐकू येईल ते लिहा. ४५ दिवसांच्या ओळीत आकडा तोच आहे, पण वचन सैल झालंय. आकडे शोधत बसलात तर हे सुटेल. "प्रीमियम कॉटन" तर त्याहून नाजूक. त्यात पॉलिस्टर मिसळलंय का, असं बायर विचारणारच.

गाळलेलं सगळ्यात वर लिहा. नव्या फाइलीत जे नाही ते नवी फाइल वाचून दिसत नाही, म्हणून यादी जुनीकडून नवीकडे करा. मग एकदा उलट फिरा, म्हणजे नवीन घुसलेलंही सापडेल. "का बदललं" हा रकाना मात्र कोरा ठेवा, तो मालकांनी भरायचा.

रेखा_अकाउंट्स:
चार्टचे आकडे बघितले का? आमच्याकडे एकदा आकडे तेच होते, पण उभा अक्ष शून्याऐवजी ८० पासून सुरू केला होता. वाढ डोंगराएवढी दिसत होती.

सुजाता_सोलापूर:
बघितलं. जुना चार्ट उजवं क्लिक करून Edit Data मधून उघडतो. नवा नुसतं चित्र आहे, आकडे निघतच नाहीत. अक्षही वेगळा वाटतोय. हा मजकुरातला बदल धरायचा की नुसत्या सजावटीतला?

रेखा_अकाउंट्स:
मी तर सजावटच म्हणेन, आकडे खोटे नाहीत ना.

जुना_खेळाडू:
मी मजकुरातला धरेन. बायर आकडे नाही, उंची बघतो. डिझायनरकडून मूळ एक्सेल मागवा आणि तोवर यादीत "आकडे तपासलेले नाहीत" असं स्पष्ट लिहा.

सुजाता_सोलापूर:
मागवलंय. डिझायनर फोन उचलेना. टेबल कुणी काढलं ते मालकांनाही माहीत नव्हतं, तेवढं मात्र आजच परत घालायला सांगितलंय.